बारा आकड्यांचा कॅमेरा

हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या जागेच्या भिंतीला लहानसा झरोका आहे आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर राजगोपुराची सावली उलटी पडते. कळस खाली, पाया वर. पाहणाऱ्याला नवल वाटतं, पण कारण साधं आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे कळसावरून निघालेला किरण झरोक्यातून तिरका खाली उतरतो आणि पायथ्याचा किरण वर चढतो. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने छिद्रातून पडणाऱ्या अशा प्रतिमांचा बारकाईने अभ्यास केला होता.

ही प्रतिमा किती मोठी पडेल हे दहावीतले समरूप त्रिकोण सांगतात. वस्तूच्या आकाराला छिद्र ते भिंत या अंतराने गुणायचं आणि वस्तू छिद्रापासून जितकी लांब असेल त्या अंतराने भागायचं. लांबची वस्तू लहान दिसते ती या भागाकारामुळेच. आजच्या कॅमेऱ्यात छिद्राच्या जागी भिंग आणि भिंतीच्या जागी सेन्सर आला, तरी हिशेब तोच राहिला. गणिती लोक त्यात एक सोय करून घेतात: भिंत छिद्राच्या मागे न धरता तेवढ्याच अंतरावर पुढे धरतात. मापं तीच राहतात आणि चित्र सुलटं मिळतं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सरावाची क्रिकेटची खेळपट्टी आहे. तिची खरी लांबी २०.१२ मीटर, पण आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून २० धरू. बोलरच्या बाजूच्या मधल्या स्टंपचा पायथा म्हणजे आपला शून्य बिंदू. तिथून उजवीकडे किती, फलंदाजाच्या दिशेने पुढे किती आणि जमिनीपासून वर किती, अशा तीन आकड्यांनी मैदानावरची कुठलीही जागा सांगता येते. कॅमेरा बोलरच्या स्टंपच्या २० मीटर मागे, ४ मीटर उंचीवरच्या छपरावर बसवला आहे. त्याची जागा झाली (०, −२०, ४), आणि तो अगदी समोर, जमिनीला समांतर बघतो आहे.

कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच आहे. पिक्सेल डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली मोजायचे, म्हणजे चित्राचा मध्य (९६०, ५४०) येतो. छिद्र ते भिंत हे अंतरही पिक्सेलमध्येच सांगायची पद्धत आहे. ८ मिलिमीटरचं भिंग आणि ०.००४ मिलिमीटरचा एक पिक्सेल असेल, तर ते अंतर २००० पिक्सेल होतं.

इथे एक अडचण येते. संगणकाला मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, फार सोयीचा पडतो. पण मॅट्रिक्सला फक्त गुणाकार आणि बेरीज येते, आणि आपल्याला तर अंतराने भागायचं आहे. यावरची युक्ती जर्मन गणिती मोबियसच्या १८२७ मधल्या ग्रंथात सापडते. तिला होमोजीनियस निर्देशक म्हणतात. बिंदूच्या आकड्यांच्या जोडीला एक आकडा जास्तीचा ठेवायचा आणि असं ठरवायचं की सगळे आकडे शेवटच्या आकड्याने भागले की खरी जागा मिळते. म्हणजे (३९०००, २७६००, ४०) आणि (९७५, ६९०, १) हा एकच बिंदू. भागाकार टळत नाही, तो फक्त शेवटच्या पायरीवर ढकलला जातो. तोवरचं सगळं काम मॅट्रिक्स करू शकतो.

मैदानावरच्या बिंदूलाही असाच चौथा आकडा जोडायचा, १. तो नसता तर कॅमेरा शून्य बिंदूपासून २० मीटर मागे आणि ४ मीटर वर आहे ही गोष्ट मॅट्रिक्सला सांगता आली नसती, कारण नुसत्या गुणाकारातून शून्याचं शून्यच राहतं. आता चौथा स्तंभ दर वेळी १ ने गुणला जातो, आणि कॅमेऱ्याचं स्थान त्यातून बेरजेत शिरतं. आत जाताना चार आकडे आणि बाहेर येताना तीन, म्हणून तक्ता तीन ओळींचा आणि चार स्तंभांचा. आपल्या कॅमेऱ्याचा तक्ता असा आहे:

```
२०००   ९६०       ०   १९२००
   ०   ५४०   −२०००   १८८००
   ०     १       ०      २०
```

आधी तिसरी ओळ वाचा. पुढचं अंतर अधिक २०, एवढंच ती सांगते; म्हणजे वस्तू कॅमेऱ्यापासून किती खोल आहे ते. शेवटी भागायचं ते याच आकड्याने. पहिल्या दोन ओळींत २००० हे भिंगाचं माप आहे. वर जाणाऱ्या वस्तूचा पिक्सेल आकडा कमी होतो, म्हणून एका जागी ते उणे आहे. ९६० आणि ५४० हा चित्राचा मध्य. १९२०० म्हणजे ९६० गुणिले २०, आणि १८८०० म्हणजे २००० गुणिले ४ अधिक ५४० गुणिले २०. कॅमेऱ्याची उंची आणि त्याचं मागचं अंतर तिथे दडलेलं आहे.

आता चेंडू टाकू. तो फलंदाजाच्या स्टंपच्या रेषेत, ३० सेंटिमीटर उजवीकडे, १ मीटर उंचीवर आहे: (०.३, २०, १, १). पहिली ओळ ६०० अधिक १९२०० अधिक १९२०० म्हणजे ३९००० देते. दुसरी १०८०० वजा २००० अधिक १८८०० म्हणजे २७६००, आणि तिसरी ४०. भागाकार केला की चेंडू पिक्सेल (९७५, ६९०) वर दिसतो. त्याच रेषेतल्या मधल्या स्टंपचा पायथा (९६०, ७४०) वर येतो. स्टंप ७१ सेंटिमीटर उंच, तेव्हा त्याचा माथा ७०४.५ वर. चित्रातही चेंडू स्टंपच्या वरून आणि उजवीकडून जाताना दिसतो, म्हणजे हिशेब बरोबर आहे.

मग दुसरा चेंडू घ्या, बोलरच्या स्टंपपाशीच, १५ सेंटिमीटर उजवीकडे आणि अडीच मीटर उंच: (०.१५, ०, २.५, १). तीन ओळी अनुक्रमे १९५००, १३८०० आणि २० देतात. भागाकार करून पाहा. पुन्हा (९७५, ६९०). एक चेंडू फलंदाजाजवळ कमरेच्या उंचीचा, दुसरा २० मीटर अलीकडे डोक्यावरून जाणारा, आणि चित्रात दोघांची जागा एकच. दोन्ही कॅमेऱ्यातून निघालेल्या एकाच रेषेवर आहेत. भागण्यापूर्वी ४० आणि २० हे आकडे वेगळे होते, खोली त्यांच्यातच होती. भागाकाराने ती पुसून टाकली. एका कॅमेऱ्याचं चित्र पाहून चेंडूची जागा ठामपणे सांगणाऱ्या माणसावर म्हणूनच विश्वास ठेवू नये, मग तो कितीही मोठा समालोचक असो.

या तक्त्यातून आणखी एक सुंदर गोष्ट निघते. चौथा आकडा १ ऐवजी ० दिला, तर तो बिंदू जागा न राहता दिशा होतो. ‘सरळ पुढे’ ही दिशा (०, १, ०, ०). तिला गुणलं की तक्त्याचा दुसरा स्तंभच हाती येतो, ९६०, ५४०, १. म्हणजे खेळपट्टीच्या दोन समांतर कडा पुढे वाढवल्या, तर चित्रात त्या (९६०, ५४०) वर भेटतील. चित्रकलेचे शिक्षक ज्याला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात तो हाच. उजवीकडच्या दिशेचा स्तंभ मात्र २०००, ०, ० आहे. शून्याने भागता येत नाही, म्हणून आडव्या क्रीजच्या रेषा चित्रात कुठेच भेटत नाहीत, समांतरच राहतात. आणि कॅमेऱ्याची स्वतःची जागा (०, −२०, ४, १) दिली, तर तिन्ही ओळी शून्य देतात. साऱ्या जगात ज्याला तिन्ही ओळी शून्य देतात असा बिंदू एकच, ते छिद्र स्वतः.

मॅट्रिक्स निमूटपणे चूकही करतो. कॅमेऱ्याच्या मागे, (०, −६०, ८) इथे एक घार उडते आहे असं समजा. गुणाकार −३८४००, −२९६००, −४० देतो आणि भागाकारानंतर येतं (९६०, ७४०). घार थेट फलंदाजाच्या मधल्या स्टंपच्या पायथ्याशी बसली! तिसरा आकडा उणे आला की वस्तू कॅमेऱ्याच्या मागे आहे, हे भागण्याआधीच तपासावं लागतं. भागाकारानंतर उणे चिन्ह नाहीसं होतं आणि चूक कळायला मार्ग उरत नाही.

प्रत्यक्ष मैदानावर हे बारा आकडे कोणी आधी सांगत नाही, ते शोधावे लागतात. मैदानावर ज्यांची जागा मोजलेली आहे असे बिंदू चित्रात ओळखायचे. प्रत्येक बिंदू दोन समीकरणं देतो. सगळा तक्ता दुप्पट केला तरी शेवटच्या भागाकारामुळे उत्तर तेच येतं, म्हणून खरे अज्ञात अकराच. तेव्हा निदान सहा बिंदू हवेत. पण सहाच्या सहा जमिनीवरचे, नुसते क्रीजचे कोपरे घेतले, तर काम फसतं. त्या सगळ्यांची उंची शून्य, मग तिसरा स्तंभ दर वेळी शून्याने गुणला जातो आणि त्यात काय आहे याचा पत्ताच लागत नाही. स्टंपचे माथे घ्यावे लागतात ते यासाठी. तक्ता मिळाल्यावर, शोधताना न वापरलेला एखादा बिंदू त्यातून घालून पाहायचा. उत्तर चित्रातल्या जागेपासून कित्येक पिक्सेल हललं, तर कुठेतरी गडबड आहे. बहुधा ती भिंगाची असते. खरं भिंग चित्राच्या कडांशी सरळ रेषा किंचित वाकवतं, आणि हा तक्ता सरळ रेषेला कधीच वाकवू शकत नाही. ती वाकडी चाल वेगळ्या सूत्राने आधी काढून टाकावी लागते.

हरवलेली खोली परत मिळवायला दुसरा कॅमेरा लागतो. त्याचा तक्ता वेगळा असतो. एका कॅमेऱ्याची दोन समीकरणं, दोघांची चार, आणि चेंडूच्या जागेचे अज्ञात आकडे तीन. दोन रेषा जिथे छेदतात तिथे चेंडू. आपल्या कॅमेऱ्यात ४० मीटरवर एक पिक्सेल म्हणजे २ सेंटिमीटर, म्हणून त्या रेषा नेमक्या छेदत नाहीत, एकमेकींच्या अगदी जवळून जातात. कॅमेरे जास्त असले की ही चूक आटोक्यात राहते. २००१ मध्ये लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत टीव्हीवर प्रथम दिसलेली हॉक-आय यंत्रणा मैदानाभोवतीच्या अनेक कॅमेऱ्यांतून चेंडूची जागा अशीच काढते. पायचीतच्या निर्णयात चेंडू पॅडला लागेपर्यंतचा मार्ग या भूमितीने मोजलेला असतो. त्यापुढे पडद्यावर दिसणारा मार्ग कुठल्याही कॅमेऱ्याने पाहिलेला नसतो; तो आधीच्या मार्गावरून बांधलेला अंदाज असतो.