प्रसंगकथा आणि तिच्यावरील प्रश्न : ग्राहकसेवा-अभ्यासक्रमातील एक प्रश्नसंच

ग्राहकसेवेच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत परीक्षेसाठी एक छोटी कथा द्यावयाची आणि तिच्यावर चार-पाच प्रश्न विचारावयाचे, ही पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. या पद्धतीची एक मुळी जॉन फ्लॅनगन यांनी 1954 साली मांडलेल्या निर्णायक प्रसंगांच्या तंत्रात सापडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानदलासाठी केलेल्या कामातून हे तंत्र निघाले. एखाद्याचे काम चांगले की वाईट हे ठरविण्यासाठी गुणविशेषणांची यादी न करता, ज्या प्रत्यक्ष प्रसंगी त्याच्या वागण्याने काम सुधारले किंवा बिघडले ते प्रसंग गोळा करावयाचे, हे त्याचे सूत्र होय. प्रश्नसंचातील कथा मात्र पुष्कळदा असा प्रसंग नसतेच; ती केवळ प्रश्नांना चिकटविलेली प्रस्तावना असते. हा फरक कसा ओळखावा, हे एका नमुन्यावरून पाहता येईल.

कथा अशी : गृहोपयोगी विद्युत्-वस्तूंच्या दुकानात शनिवारी सायंकाळी एक बाई मिक्सर घेऊन येतात. तो 18 दिवसांपूर्वी याच दुकानातून घेतलेला असून त्याच्या भांड्याच्या तळातून पाणी गळते. पावती हरवली आहे. पण 3,450 रुपये मोबाइलवरून दिल्याचा संदेश बाईंजवळ आहे. दुकानाच्या पावत्यांवर माल परत घेण्याची कोणतीही मुदत छापलेली नसते. काउंटरवर सुनीता एकटीच आहे आणि बाईंच्या मागे तीन गिऱ्हाइके उभी आहेत. विक्रीची नोंद सापडल्यास सदोष वस्तू बदलून देण्याची सुनीताला मुभा आहे. रोख परतावा मात्र मालकाच्या संमतीवाचून देता येत नाही, आणि मालक बाहेर गेले आहेत. बाई आवाज चढवून म्हणतात, “मागच्या खेपेलाही तुम्ही मला असंच परत पाठवलंत.”

अशा कथेवर पहिला प्रश्न बहुधा असा काढला जातो : ‘रागावलेल्या ग्राहकाशी विक्रेत्याने कसे बोलावे?’ पर्याय चार : शांतपणे ऐकून घ्यावे, उलट उत्तर द्यावे, दुर्लक्ष करावे, निघून जाण्यास सांगावे. कथा न वाचताही याचे उत्तर कोणीही देईल. प्रश्न कथेवर खरोखर अवलंबून आहे किंवा नाही याची कसोटी अगदी सोपी आहे. तेच प्रश्न, कथा वगळून, त्याच पातळीच्या दुसऱ्या तुकडीला सोडविण्यास द्यावेत. चार पर्यायांपैकी केवळ अंदाजाने बरोबर येण्याचे प्रमाण सुमारे 25 टक्के असते; कथेवाचून बरोबर उत्तरे याहून फार अधिक आली, तर कथा निरुपयोगी ठरली असे समजावे.

दुसरी कसोटी कथेतील तपशिलांची. एक तपशील बदलला असता अपेक्षित उत्तर बदलते काय, हे पाहावे. वरील कथेत ‘18 दिवस’ हा आकडा सहज पडलेला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, पावतीवर मुदत नमूद नसेल तर 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन किंमत परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या भिंतीवरील परिचित पाटीकडे बोट दाखविणे हा पर्याय येथे चुकीचा आहे. 18 च्या जागी 38 दिवस घातले की या तरतुदीचा आधार सुटतो आणि प्रश्नाचे रूपच पालटते. याउलट, शनिवार बदलून मंगळवार केला तरी काहीच बिघडत नाही. असा निर्जीव तपशील एखादा असण्यास हरकत नाही, कारण दुकानातही सर्वच माहिती कामाची नसते. परंतु सर्वच तपशील निर्जीव असतील तर ती कथा नव्हे, नुसती सजावट होय.

आता सुधारलेला पहिला प्रश्न घ्यावा : ‘सुनीताने प्रथम काय करावे?’ अपेक्षित उत्तर ठरविले, ‘पैसे दिल्याच्या संदेशावरील तारीख व रक्कम घेऊन विक्रीची नोंद शोधावी.’ दुसरा पर्याय ठेवला, ‘बाईंना वस्तू बदलून हवी की पैसे हवेत, हे विचारावे.’ येथे परीक्षकाची फसगत होते. बाईंना काय हवे हे कथेत कोठेच सांगितलेले नाही, आणि चाणाक्ष विद्यार्थी नेमके हेच हेरतो. समजा, 40 जणांच्या वर्गातून एकूण गुणांनुसार वरचे 27 टक्के म्हणजे 11 आणि तळचे 11 निवडले, आणि वरच्यांपैकी 5 व तळच्यांपैकी 8 जणांनी ‘बरोबर’ उत्तर दिले. तर भेददर्शकतेचा निर्देशांक (5 − 8) ÷ 11, म्हणजे उणे 0.27 येतो. उणे निर्देशांक दिसताच विद्यार्थ्यांना दोष देण्यापूर्वी उत्तरसूची तपासावी. बहुधा तेथे दोन बरोबर उत्तरे लपलेली असतात. येथे उपाय कथेतच करावा लागतो. बाईंच्या तोंडी ‘मला हा बदलून द्या’ एवढे वाक्य घातले की संदिग्धता नाहीशी होते.

यापुढची अडचण अधिक नाजूक आहे. दुसरा प्रश्न ‘नोंद सापडल्यानंतर सुनीताने काय करावे?’ असा असेल, तर पहिल्याचे उत्तर त्याच पानावर उघडे पडते. आणि ‘वरील कृतीनंतर काय करावे?’ असा मोघम ठेवला, तर पहिला प्रश्न चुकलेल्याचा दुसराही चुकतो. एका चुकीची शिक्षा दोनदा होते. यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे कथा दोन भागांत देणे. पहिल्या भागाची उत्तरे गोळा करून मगच दुसरा कागद द्यावा, आणि त्यात पुढील परिस्थिती सर्वांना सारखीच सांगावी : नोंद सापडली, त्या जातीचा दुसरा मिक्सर शिल्लक नाही, बाई आता पैसे मागतात. म्हणजे प्रत्येकजण पुन्हा एकाच जागेवरून निघतो. येथे अपेक्षित उत्तर असे की, परताव्याचा अधिकार आपल्याकडे नाही हे सुनीताने स्पष्ट सांगावे आणि बाईंच्या समक्षच मालकांना फोन करावा. ‘उद्या या’ हा पर्याय मोहक असतो, कारण मागे तीन गिऱ्हाइके खोळंबली आहेत. पण बाईंचे ‘मागच्या खेपेलाही’ हे शब्द ज्याने लक्षपूर्वक वाचले, तो या पर्यायाला भुलत नाही.

गुण मोजतानाही एक दक्षता घ्यावी लागते. एकाच कथेवरील चार प्रश्न म्हणजे चार स्वतंत्र साक्षी नव्हेत. ज्याला कथाच नीट उमगली नाही, त्याचे चारही प्रश्न एकदम डळमळतात. म्हणून पाच कथांवरील 20 प्रश्नांची विश्वसनीयता अर्धविभाजनाने काढताना सम-विषम क्रमांकांची विभागणी करू नये. तसे केल्यास एकाच कथेचे प्रश्न दोन्ही अर्धांत जाऊन बसतात आणि गुणांक फुगतो. कथा अखंड ठेवून, प्रत्येक कथेच्या एकूण गुणांना एक घटक मानून हिशेब करणे योग्य. 1987 मध्ये वेनर आणि काइली यांनी मांडलेली प्रश्नगुच्छाची कल्पना हीच होय.

हे सर्व साधूनही कागदावर कळते ते इतकेच, की काय करणे उचित हे विद्यार्थी ओळखतो. आवाज चढलेल्या बाईंसमोर तो तसे करील किंवा नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तीच कथा तोंडी घ्यावी लागते. शिक्षकाने बाईंची भूमिका करावी, प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तेच वाक्य त्याच स्वरात उच्चारावे, आणि दुसऱ्या शिक्षकाने केवळ तीन गोष्टी टिपाव्यात : नोंद शोधण्यापूर्वी आश्वासन दिले काय, अधिकाराची मर्यादा स्पष्ट सांगितली काय, आणि मागे उभ्या असलेल्या तिघांना थांबण्याबद्दल एखादा शब्द तरी सांगितला काय.