तट सरदाराचा, तोफ राजाची

१४१८च्या जुलैमध्ये इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याने फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या रूआँ शहराला वेढा घातला. तोफा त्याच्याकडेही होत्या, पण शहर पडलं ते उपासमारीनं, आणि तेही सुमारे सहा महिन्यांनी. तीस वर्षांनी फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सनं इंग्रजांकडून अख्खी नॉर्मंडी परत घेतली, ती वर्षभरातच.

मधल्या काळात दारू बदलली होती. सोरा, गंधक आणि कोळसा यांची नुसती भुकटी प्रवासात हादरे बसून वेगवेगळी व्हायची. ती ओलवून तिचे दाणे पाडू लागल्यावर दाण्यांमधल्या फटींतून आग झपाट्यानं पसरू लागली आणि गोळ्याचा जोर वाढला. जुने तट उंच आणि सडपातळ होते, कारण शत्रू शिडी लावून चढू नये एवढीच काळजी असे. पायथ्याशी एकाच जागी गोळे आदळत राहिले, की वरच्या दगडांचं वजनच तटाला खाली आणी. ढासळलेल्या ढिगाऱ्यानं खंदक भरे आणि सैन्याला आत जायला वाट होई.

चार्ल्सचा तोफखाना जाँ आणि गास्पार ब्युरो हे दोघे भाऊ सांभाळत. १४५०मध्ये शेरबूरच्या वेढ्यात त्यांनी समुद्राच्या वाळूतच तोफा मांडल्या. भरती आली की तोफांची तोंडं बंद करून त्यांवर चरबी माखलेली कातडी टाकायची, ओहोटी लागली की ती काढून पुन्हा मारा सुरू. १२ ऑगस्टला शहर शरण आलं. इतरत्र अनेक ठिकाणी तोफा रोखलेल्या पाहूनच शिबंदीनं बोलणी सुरू केली.

यातला जाँ ब्युरो राज्याचा खजिनदारही होता, हे मला फार बोलकं वाटतं. तोफा, दारू, ओढायला जनावरं, कसबी गोलंदाज हा खर्च एका सरदाराच्या जहागिरीतून निघणारा नव्हता. राजा मात्र आता दरवर्षी कर वसूल करत होता, आणि सैन्य उभारण्याचा हक्क आपल्या एकट्याचाच, असं त्यानं १४३९मध्येच जाहीर केलं होतं. गढीचे दरवाजे लावून राजाला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवण्याचे सरदारांचे दिवस सरले. १४८८मध्ये ब्रिटनीच्या सरहद्दीवरचा फुजेरचा बलाढ्य किल्ला आठवड्याभरात पडला. पुढे विवाहसंबंधांतून ती डचीही फ्रान्सच्या राजाकडे आली.

तोफेलाही लवकरच उतारा सापडला. १५०० साली पिसाच्या लोकांनी फुटलेल्या तटामागे मातीचा बांध आणि खंदक रचून फ्रेंचांना अडवलं. त्यानंतर इटलीत ठेंगणे, रुंद, कोनाकार बुरुजांचे किल्ले उभे राहिले. वेढे पुन्हा लांबले, पण असे किल्ले बांधायलाही राज्याचीच तिजोरी लागे. तेच कोनाकार बुरूज पोर्तुगीजांनी वसईला बांधले. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याला ते सुरुंग लावून फोडावे लागले.