स्लीपर की थ्री एसी? औंढा नागनाथ ते अमृतसर प्रवासाचा जेवण-अंथरुणासह पूर्ण हिशोब

औंढा नागनाथ : ‘एसीचं तिकीट महाग दिसतं, पण त्यात चादर-उशी येते, शेवटी खर्च सारखाच पडतो.’ लांबच्या प्रवासाचं तिकीट काढताना असं म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. हे कितपत खरं आहे? औंढ्याहून अमृतसरला जाणाऱ्या तिघांच्या कुटुंबाचं उदाहरण घेऊन पाहू.

हाच मार्ग का?

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं गाव, तर औंढा त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्याशी जोडलेलं. नामदेवांचं पंजाबमधलं स्थान म्हणजे गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान. 2015 मध्ये तिथे मराठी साहित्य संमेलन झालं आणि इकडच्या अनेकांना ते गाव माहीत झालं. तिकडे जायचं तर नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस ही थेट गाडी आहे.

औंढ्याला रेल्वे स्थानक नाही. त्यामुळे आधी एसटीने परभणी गाठावी लागते. गाडी सकाळी या भागातून निघते आणि दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोहोचते. अंतर 2,000 किलोमीटरच्या थोडं वर आणि गाडीत एक रात्र. एसटीचा खर्च कोणत्याही डब्यासाठी सारखाच असल्याने तो इथे धरलेला नाही.

तिकीट : पहिला आणि सर्वात मोठा फरक

डिसेंबर 2025 च्या भाडेवाढीनंतर या अंतराचं एका माणसाचं भाडं ढोबळमानाने असं पडतं :

- स्लीपर : 800 रुपये
- थ्री एसी : 2,050 रुपये
- टू एसी : 2,950 रुपये

एसीच्या भाड्यात 5 टक्के जीएसटी धरलेला असतो, स्लीपरला तो लागत नाही. आयआरसीटीसीवर यूपीआयने पैसे भरले तर एका तिकिटामागे स्लीपरला 11.80 आणि एसीला 23.60 रुपये शुल्क पडतं. ही रक्कम किरकोळ आहे.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यामुळे साठी ओलांडलेल्या आईचंही पूर्ण तिकीट लागतं. 5 ते 11 वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर त्याचंही पूर्ण.

जेवण : दोन्ही डब्यांत एकच दर

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. राजधानी किंवा वंदे भारतमध्ये तिकिटासोबत जेवण घेता येतं. सचखंडसारख्या मेल-एक्स्प्रेस गाडीत मात्र एसीच्या तिकिटातही जेवण नसतं. पॅन्ट्रीचा माणूस स्लीपरमध्ये ज्या दराने थाळी देतो, त्याच दराने एसीत देतो. शाकाहारी थाळी 80 रुपये, नाश्ता 40 रुपये, चहा 10 रुपये आणि रेल नीरची लिटरची बाटली 14 रुपये.

या प्रवासात तीन जेवणं, एक नाश्ता आणि चार चहा धरले तर एका माणसाचे 320 रुपये होतात. फरक पडतो तो पाण्यात. उन्हाळ्यात स्लीपरमध्ये पाच बाटल्या सहज लागतात (70 रुपये), एसीत तीन पुरतात (42 रुपये).

पहिल्या दिवसाची दोन्ही जेवणं दशम्या, धपाटे, ठेचा अशी घरून नेली तर माणशी 160 रुपये वाचतात. या गाडीचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे वाटेतल्या काही स्थानकांवर प्रवाशांना मोफत लंगर मिळतो. जुने प्रवासी त्यासाठी ताट-डबा सोबत ठेवतात. मात्र गाडी उशिरा धावली तर जेवणाची वेळ चुकू शकते, म्हणून सगळा भरवसा त्यावर ठेवू नका. शिदोरी असो वा लंगर, बचत दोन्ही डब्यांत सारखीच होते. दोन्हींतला फरक त्याने कमी होत नाही.

अंथरूण : खरी किंमत किती?

थ्री एसी आणि टू एसीत दोन चादरी, उशी, ब्लँकेट आणि छोटा टॉवेल मिळतो. त्याचे पैसे भाड्यातच असतात. गरीब रथमध्ये हेच अंथरूण वेगळं घ्यावं लागतं आणि त्याचे 25 रुपये पडतात. म्हणजे ज्या सोयीमुळे ‘खर्च सारखाच’ वाटतो, तिचा रेल्वेचा दर एवढाच आहे.

स्लीपरमध्ये अंथरूण मिळत नाही. घरातली चादर आणि शाल नेली तर खर्च शून्य. हवेची उशी आणि हलकं ब्लँकेट नव्याने घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी माणशी 500 रुपये धरले, तरी तो खर्च एकदाच होतो. पुढच्या प्रवासाला त्याच वस्तू कामी येतात.

तिघांचा जाण्या-येण्याचा हिशोब

तिकीट, जेवण आणि पाणी मिळून एका माणसाचा एका बाजूचा खर्च स्लीपरने 1,190, थ्री एसीने 2,412 आणि टू एसीने 3,312 रुपये होतो. तिघांचं जाणं-येणं धरलं तर :

- स्लीपर : 7,140 रुपये
- थ्री एसी : 14,472 रुपये
- टू एसी : 19,872 रुपये

स्लीपर आणि थ्री एसीत 7,332 रुपयांचा फरक आहे. तिघांसाठी नवीन ब्लँकेट-उशांचे 1,500 रुपये स्लीपरच्या बाजूला टाकले तरी 5,832 रुपये उरतात. म्हणजे खर्च सारखा पडत नाही. थ्री एसीचं तिकीट स्लीपरच्या अडीचपट आहे आणि जेवण-अंथरुणाने ती दरी भरत नाही.

मग जादा पैसे कशाचे?

गारव्याचे आणि झोपेचे. मे महिन्यात ही गाडी खानदेश आणि मध्य प्रदेशातून जाते तेव्हा स्लीपरच्या खिडकीतून गरम वारा येतो. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं. भोपाळनंतर थंडी वाढते, दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या पट्ट्यात धुक्याने गाडी रखडू शकते आणि शालीवर भागत नाही. जाड रजई न्यायची म्हटलं तर ओझं वाढतं. या दोन हंगामांत सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर थ्री एसीचे पैसे वसूल होतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र स्लीपर पुरतो. मधला मार्गही आहे. जाताना सगळे ताजेतवाने असतात, तेव्हा स्लीपर घ्या आणि थकून परतताना थ्री एसी. तिघांचा खर्च 10,806 रुपये होतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी थ्री एसीने जाण्यापेक्षा 3,666 रुपये कमी.

हिशोब कुठे बिघडतो?

- तत्काळ : या अंतराला स्लीपरवर 200, थ्री एसीवर 400 आणि टू एसीवर 500 रुपये माणशी जादा लागतात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच काढलं तर हे पैसे वाचतात.
- वेटिंग : चार्ट लागेपर्यंत ई-तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि परताव्यातून माणशी 60 रुपये कापले जातात, एसीत त्यावर जीएसटीही. त्या तिकिटावर डब्यात बसता येत नाही.
- जादा दर : थाळीचे 80 पेक्षा जास्त मागितले तर बिल मागा. बिल न देणाऱ्याला पैसे देणं बंधनकारक नाही. तक्रार 139 वर करता येते. एसीत मळकी चादर मिळाली तरी हाच क्रमांक.

स्लीपरचं तिकीट काढताना ‘ऑटो अपग्रेडेशन’च्या चौकटीत खूण करायला विसरू नका. चार्ट तयार होताना एसीत जागा रिकामी राहिली तर स्लीपरच्याच पैशांत वरचा वर्ग मिळू शकतो. मात्र याची खात्री नसते, त्यामुळे चादर आणि शाल पिशवीत ठेवाच.