भुवयांचं लॅमिनेशन : टिकतं किती, झोंबतं कुणाला?

पार्लरच्या दरपत्रकात ‘आयब्रो’ ही ओळ वर्षानुवर्षं सगळ्यात स्वस्त असायची. दोरा दाताखाली धरून पाच मिनिटांत काम उरकायचं, वर थोडी पावडर आणि झालं. आता मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच पार्लरमध्ये त्याच ओळीखाली ‘ब्रो लॅमिनेशन’ दिसतं आणि त्याचा दर थ्रेडिंगच्या कितीतरी पट असतो. नाव ऐकून ओळखपत्रावर चढवतात तसला प्लॅस्टिकचा थर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात भुवईवर कोणताच थर बसत नाही. लॅमिनेशन म्हणजे भुवयांचं पर्मिंग. डोक्याच्या केसांना कुरळेपणा आणण्यासाठी जी रसायनं अनेक दशकांपासून वापरली जातात, तीच इथे आडव्यातिडव्या केसांना एका दिशेला वळवण्यासाठी वापरतात.

केसाचा मुख्य घटक केराटिन हे प्रथिन. त्याचे धागे एकमेकांना गंधकाच्या बंधांनी जोडलेले असतात, शिडीचे दोन बांबू पायऱ्यांनी जोडलेले असावेत तसे. केस कोणत्या दिशेला वळणार आणि किती ताठ राहणार, हे बऱ्याच अंशी या बंधांवर ठरतं. लॅमिनेशनचं पहिलं द्रावण हे बंध तोडतं. त्यात बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो, काही उत्पादनांत त्याऐवजी सिस्टिअमीन. बंध सुटले की केस मऊ पडतो आणि जसा बसवावा तसा बसतो. दुसऱ्या द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असतं. ते बंध नव्या जागी पुन्हा जोडतं आणि केस त्याच अवस्थेत पक्का होतो. तिसरी पायरी तेलाची किंवा केराटिनच्या क्रीमची. रसायनांनी कोरडा पडलेला केस तिने जरा मऊ होतो.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. ग्राहक पस्तिशीची आहे. भुवया दाट, पण केस खाली झुकणारे, आणि डाव्या भुवईच्या मधोमध जुन्या जखमेची बारीक रिकामी रेघ. ब्युटिशियन आधी भुवईवरचं तेल आणि मेकअप पुसून काढते. मग भुवईला पातळ गोंद लावून छोट्या ब्रशने सगळे केस वर आणि थोडे कानाच्या दिशेने चिकटवते. त्यावर पहिलं द्रावण लावते, पण केसांच्या टोकांना नाही. टोकं आधीच नाजूक असतात, तिथे रसायन बसलं तर ती वळतात, फाटतात. वर पातळ प्लॅस्टिक लावून घड्याळ सुरू होतं. बारीक केसांना पाच-सहा मिनिटं पुरतात, जाड केसांना आठ-दहा लागू शकतात. नेमकी वेळ प्रत्येक कंपनीच्या सूचनापत्रकात दिलेली असते.

सगळं कसब या मिनिटांत आहे. चांगली ब्युटिशियन केवळ घड्याळावर विसंबत नाही. अर्धी वेळ झाली की प्लॅस्टिकचा कोपरा उचलून एखादा केस ब्रशने खाली ओढून पाहते. तो उसळून जुन्या जागी गेला, तर अजून थोडा वेळ. जिथे ठेवला तिथेच राहिला, तर बंध पुरेसे सुटले. मग ते द्रावण कोरड्या कापसाने नीट पुसायचं आणि दुसरं लावायचं. ग्राहकाने रंगही मागितला असेल, तर तो यानंतर. जास्तीचे केस चिमट्याने काढायचं काम शेवटी.

हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे नेमकी इथेच गडबड होते. ग्राहक म्हणते, “आधी आयब्रो करून घ्या, मग ते लॅमिनेशन.” दोऱ्याने मुळासकट केस उपटले की त्वचेचा वरचा थर खरवडला जातो आणि केसांची छिद्रं उघडी राहतात. त्यावर लगेच अल्कधर्मी द्रावण पडलं की आग होणारच. थ्रेडिंग आणि लॅमिनेशन यांत निदान दोन-तीन दिवसांचं अंतर हवं. तेवढा धीर नसेल, तर आधी लॅमिनेशन आणि मग शेवटी चिमट्याने आवश्यक तेवढेच केस काढणं.

आपल्या उदाहरणातल्या ग्राहकाला हवा तो परिणाम मिळतो. झुकणारे केस वर गेल्यामुळे भुवई रुंद दिसते आणि शेजारचे लांब केस त्या रिकाम्या रेघेवर आडवे येऊन ती झाकतात. विरळ भुवयांना लॅमिनेशनचा होणारा उपयोग एवढाच. आहेत त्या केसांची मांडणी बदलते, नवा एकही केस उगवत नाही. केसांमधल्या फटी बारीक असतील, तर त्या झाकल्या जातात. पण भुवईचा शेवटचा तिसरा हिस्साच गायब असेल, तर उरलेले केस उभे राहिल्यावर ती मोकळी जागा उलट जास्त उठून दिसते.

अशी बाहेरच्या बाजूने भुवई विरळ होत असेल, तर पार्लरआधी डॉक्टर गाठावा. थायरॉइड मंदावल्याचं ते एक जुनं, ओळखीचं लक्षण आहे. चाई पडली, तरी भुवईचे केस जाऊ शकतात. कुष्ठरोगातही भुवया विरळ होतात, आणि महाराष्ट्रात हा आजार अजून संपलेला नाही. तो वेळेत ओळखला, तर औषधांनी पूर्ण बरा होतो.

आता टिकण्याचं. जाहिरातीत सहा ते आठ आठवडे म्हणतात, आणि बहुतेकींना चार ते सहा आठवडे चांगला परिणाम मिळतो. खरं तर ज्या केसावर प्रक्रिया झाली, त्याचं वळण कायमचं असतं. केसच कायमचा नसतो. डोक्यावरचा केस काही वर्षं वाढत राहतो, भुवईचा केस जेमतेम दोन-तीन महिने वाढतो, मग थांबतो आणि गळतो. त्याच्या जागी येणारा नवा केस जुन्याच स्वभावाचा, खाली झुकणारा. दोन-तीन आठवड्यांनी भुवईत आज्ञाधारक आणि हट्टी अशा दोन्ही केसांची सरमिसळ सुरू होते, आणि दीड-दोन महिन्यांत हट्टी केसांची सरशी होते. महागडं तेल रोज चोळलं, तरी हे चक्र थांबत नाही. तेलाने केस कोरडा पडत नाही, एवढंच.

पहिल्या चोवीस तासांना मात्र फार महत्त्व आहे. या काळात भुवयांना पाणी, वाफ, घाम आणि मेकअप लागू नये, असं बहुतेक उत्पादनांवर लिहिलेलं असतं. मुंबईच्या मे महिन्यात हे पाळणं कठीणच. लोकलच्या गर्दीतून घरी जायचं असेल, तर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळची वेळ घेतलेली बरी.

जास्त वेळ द्रावण ठेवलं की काय होतं, ते ओळखणं सोपं आहे. केस वर न वळता वेडेवाकडे दुमडतात, टोकं जळल्यासारखी कुरळी होतात, हाताला खरखर लागते. बऱ्याचदा यामागे उघडून ठेवलेली जुनी बाटली असते. हवा लागली की पहिल्या द्रावणाचा जोर कमी होतो. मग ते जास्त मिनिटं ठेवायची सवय लागते आणि एक दिवस नवी, पूर्ण ताकदीची बाटली उघडली जाते. म्हणून एकदाच वापरायची छोटी पाकिटं अधिक भरवशाची. बिघडलेल्या केसांवर ‘सुधारणा’ म्हणून पुन्हा लॅमिनेशन करून घेऊ नये. ते केस गळून नवे येईपर्यंत थांबणं हाच उपाय. पुढची खेपही सहा-आठ आठवड्यांच्या आत नको.

त्वचेचा त्रास दोन तऱ्हांचा असतो आणि दोन्हींतला फरक कळायला हवा. पहिली तऱ्हा चुरचुरण्याची. द्रावण लावल्यावर काही मिनिटांतच आग होते, त्वचा लाल होते. “ताई, थोडं झोंबणारच,” असं म्हणून अनेक जणी वेळ मारून नेतात. पण आग वाढत असेल, तर द्रावण लगेच पुसून धुवायला सांगावं. असा दाह सहसा एक-दोन दिवसांत उतरतो. दुसरी तऱ्हा ॲलर्जीची, आणि ती फसवी. पार्लरमध्ये काहीच होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भुवया खाजू लागतात, पापण्या सुजतात, कधी बारीक फोड येऊन पाणी झरतं. शरीराने एकदा ते रसायन ‘ओळखलं’, की पुढच्या वेळी त्रास लवकर आणि जास्त होतो.

लॅमिनेशनसोबत रंग करून घेतला, तर धोका वाढतो. अनेक गडद रंगांत पॅराफेनिलीनडायमीन असतं, म्हणजे केसांच्या काळ्या डायमध्ये असतं तेच. झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही ते बरेचदा सापडतं. हे रसायन डोळ्यांजवळ काय करू शकतं, हे अमेरिकेत १९३३ मध्ये दिसलं होतं. ‘लॅश ल्युअर’ नावाच्या भुवया-पापण्यांच्या रंगात तेच होतं आणि तो लावल्यामुळे एका महिलेची दृष्टी गेली. पुढे १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांवर सरकारी नियंत्रण आणणारा कायदा झाला, त्यामागच्या प्रकरणांत हे एक होतं. ज्यांना काळ्या मेंदीने किंवा डायने कधी खाज, सूज आली असेल, त्यांनी भुवयांचा रंग टाळावाच.

यावर साधा उपाय म्हणजे पॅच टेस्ट. पहिल्या द्रावणाचा आणि रंग लावायचा असेल तर त्याचाही एकेक थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला सूचनेप्रमाणे लावून पाहायचा आणि ४८ तास वाट पाहायची. त्याच दिवशी दहा मिनिटांत केलेली चाचणी ॲलर्जी दाखवू शकत नाही, कारण ती उमटायलाच दोन दिवस लागतात. एक्झिमा किंवा सोरायसिस भुवयांवर असेल, त्वचा सोललेली असेल किंवा उन्हाने भाजली असेल, तर लॅमिनेशन नकोच. मुरमांसाठी रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइनचं क्रीम लावणाऱ्यांची त्वचा पातळ आणि हळवी झालेली असते. त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं.

त्रास झालाच, तर भुवया साध्या पाण्याने भरपूर धुवाव्यात आणि थंड, ओली घडी ठेवावी. हळद, लिंबू, टूथपेस्ट असले प्रयोग नकोत. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडची ट्यूब आणून डोळ्यांजवळ लावू नये. पापण्या सुजल्या, तर डॉक्टरकडे जावं. द्रावण डोळ्यात गेलं, तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवून थेट नेत्रतज्ज्ञाकडे. घरी ऑनलाइन किट वापरणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं, कारण स्वतःच्याच भुवईवर काम करताना नजर आरशात, हात वर आणि घड्याळ बाजूला, अशी तारांबळ होते.

लॅमिनेशन करावं की नाही, हे ठरवण्याचा स्वस्त मार्गही आहे. आधी आठवडाभर पारदर्शक ब्रो जेलने केस वर विंचरून पाहावेत. त्यात भुवई भरलेली दिसली, तर लॅमिनेशननेही दिसेल. जेलमध्ये मोकळी जागाच डोळ्यात भरली, तर पैसे वाचले. आणि करायचं ठरलंच, तर पार्लरला फोन करताना पहिला प्रश्न दराचा नको, “पॅच टेस्टसाठी दोन दिवस आधी कधी येऊ?” असा असावा. “त्याची काही गरज नाही” असं उत्तर आलं, तर दुसरं पार्लर शोधावं.