चेक वटला नाही, तर खटला कुठल्या गावात?

सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने इंदूरच्या दुकानदाराला चादरी पाठवल्या, असे समजा. दुकानदाराने इंदूरच्या बँकेचा चेक दिला. व्यापाऱ्याने तो सोलापुरात आपल्या खात्यात भरला आणि ‘अपुरी शिल्लक’ असा शेरा घेऊन तो परत आला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम 138 खाली हा गुन्हा. पण खटला भरायचा कुठे, सोलापूरला की इंदूरला? जो दुसऱ्याच्या गावी हेलपाटे घालतो तो निम्मा हरल्यात जमा, म्हणून दोन्ही बाजू या प्रश्नावर जिवाच्या आकांताने भांडतात. सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांत त्याची वेगवेगळी उत्तरे दिली. जुना निकाल न्यायाधीशांना कधी बांधतो आणि ते त्यातून वाट कशी काढतात, हे या उत्तरांत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

आधी नियम. राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सोलापूरच्या मॅजिस्ट्रेटला पाळावाच लागतो. गुजरात उच्च न्यायालयाचा निकाल मात्र त्याच्यापुढे केवळ मार्गदर्शक ठरतो. पटला तर तो घ्यावा, न पटला तर कारण देऊन बाजूला ठेवावा. इंग्लंडमधल्या आजच्या निकालांचेही तसेच. खुद्द सर्वोच्च न्यायालयात संख्येला मान असतो. दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाला तिघांचे म्हणणे मोडता येत नाही, आणि बरोबरीच्या दोघांचेही नाही. फार तर प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे पाठवावे, अशी विनंती ते सरन्यायाधीशांना करू शकतात.

शिवाय निकालातला प्रत्येक शब्द बांधत नाही. समोरच्या वस्तुस्थितीवर तो वाद सोडवायला जे कारण लागले तेवढेच बांधते. वकील त्याला ‘रेशो’ म्हणतात. ओघात केलेले भाष्य म्हणजे ‘ऑबिटर’. सगळी कुस्ती होते ती रेशो किती रुंद मानायचा यावर.

1999 साली ‘भास्करन’ प्रकरण केरळमधून सर्वोच्च न्यायालयात आले. दोन न्यायमूर्तींनी सांगितले की हा गुन्हा पाच कृतींनी पुरा होतो: चेक लिहिणे, तो बँकेत सादर करणे, बँकेने तो परत करणे, पैशाची मागणी करणारी नोटीस देणे आणि नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे न देणे. या पाचांपैकी कोणतीही कृती जिथे घडली, तिथले न्यायालय खटला चालवू शकते. आपल्या व्यापाऱ्याने चेक सोलापुरात भरला होता, म्हणजे सोलापूर चालले.

पण या उत्तराचा फायदा उठवणारेही निघाले. चेक तिकडचा, व्यवहार तिकडचा, आरोपीही तिकडचा, पण नोटीस फिर्यादीच्या मुख्य कार्यालयातून पाठवायची आणि खटला तिथे भरायचा. असेच एक प्रकरण, ‘हरमन इलेक्ट्रॉनिक्स’, 2008 च्या डिसेंबरमध्ये निकाली निघाले. चेक चंदीगडला दिलेला, तिथेच सादर झालेला आणि तिथेच परत आलेला. दिल्लीशी संबंध एवढाच की नोटीस तिथून निघाली. हे खंडपीठही दोघांचेच असल्याने त्याला भास्करन मोडता येत नव्हता. त्याने ‘नोटीस देणे’ या कृतीकडे बारकाईने पाहिले. पंधरा दिवसांची मुदत नोटीस मिळाल्यापासून सुरू होते, मग नुसती टपालात टाकण्याने गुन्हा कसा घडेल? सबब दिल्लीला अधिकार नाही. भास्करन जागेवर राहिला, पण त्याची एक कड छाटली गेली.

आता खालच्या न्यायालयांपुढे दोन तोंडांचे दोन निकाल आले. 2013 च्या जुलैत ‘निशांत अगरवाल’ प्रकरणात चेक गुवाहाटीच्या बँकेचा होता आणि फिर्यादीने तो हरियाणातल्या भिवानीत भरला होता. आरोपीने हरमन पुढे केला. त्याहून वजनदार म्हणजे 2001 चा ‘ईश्वर अलॉय’ हा तीन न्यायमूर्तींचा निकालही दाखवला. कलम 138 मधली ‘बँक’ म्हणजे चेक देणाऱ्याची बँक, असे त्यात म्हटले होते. मग भिवानीची बँक आलीच कुठून?

दोघांच्या खंडपीठाने या दोन्ही निकालांना उत्तर दिले, आणि ते कसे दिले हे पाहण्याजोगे आहे. हरमनमध्ये दिल्लीचा धागा फक्त नोटिशीचा होता. इथे चेक खरोखर भिवानीत सादर झाला आहे, म्हणून हरमन लागू नाही. ईश्वर अलॉयमध्ये प्रश्न मुदतीचा होता: चेक सहा महिन्यांच्या आत कोणत्या बँकेपर्यंत पोहोचला पाहिजे? खटला कुठे चालावा हा प्रश्न तिथे विचारलाच गेला नव्हता. तिघांचा निकाल दोघांना बांधतो खरा, पण न विचारलेल्या प्रश्नावर कसा बांधणार? भिवानीला अधिकार मिळाला.

कोर्टाच्या भाषेत याला निकाल ‘डिस्टिंग्विश’ करणे म्हणतात. तो चूक आहे असे म्हणायचे नाही, पूर्ण मान ठेवायचा आणि आपल्या प्रकरणातली वस्तुस्थिती निराळी असल्याचे दाखवायचे. मात्र कोणताही फरक चालत नाही. चंदीगडचा आरोपी इलेक्ट्रॉनिक्सचा व्यापारी होता आणि आमचा चादरींचा, हाही फरकच आहे, पण हरमनमागच्या कारणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ज्या गोष्टीवर जुना निकाल उभा होता ती गोष्टच नव्या प्रकरणात नाही, असे दाखवता आले पाहिजे. ते जमले नाही की न्यायाधीश निकाल वेगळा काढत नाही, टाळतो आहे, हे ओळखावे. वरचे न्यायालय ते बहुधा ओळखतेच.

शेवटी 1 ऑगस्ट 2014 रोजी ‘दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात तीन न्यायमूर्ती बसले. त्यांना फरक शोधत बसण्याची गरज नव्हती. संख्या मोठी असल्याने त्यांनी भास्करनचा नियमच मोडीत काढला: चेक ज्या बँकेवर काढला ती जिथे आहे, तिथेच खटला. आपल्या व्यापाऱ्याला इंदूर गाठणे आले. ज्या खटल्यांत आरोपी हजर होऊन पुरावा सुरू झाला होता ते तिथेच राहिले. बाकीच्या फिर्यादी परत करून तीस दिवसांत योग्य न्यायालयात भरायला सांगितल्या.

वकील मंडळी स्वस्थ बसतात थोडीच! त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे कुर्ल्याच्या न्यायालयातले एक प्रकरण आले. चेक बाहेरगावचा होता, पण त्यावर ‘सर्व शाखांत समान देय’ असे छापलेले होते आणि तो मुंबईच्या शाखेतून परत गेला होता. दशरथचा नियम चेक देणाऱ्याच्या बँकेचा आहे ना, मग तीच बँक मुंबईतही आहे, असे म्हणत न्यायालयाने कुर्ल्याचा अधिकार मान्य केला. बंधनकारक निकाल अक्षरशः पाळूनही उत्तर फिर्यादीच्या गावचेच आले. माझ्या मते ही वाट थोडी अवघड वळणाची होती, पण चुकीची नव्हती. दशरथमध्ये असा चेक विचारात घेतला गेला आहे, असे कुणालाही दाखवता आले नसते.

हा गोंधळ अखेर संसदेने मिटवला. जून 2015 मध्ये वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. निकाल कायद्याचा अर्थ लावतो. ज्या कायद्याचा अर्थ लावला तोच बदलला, तर निकाल कुणी रद्द न करताही निकामी होतो. दशरथचे तसेच झाले. आज चेक तुम्ही आपल्या खात्यात भरला असेल, तर तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात खटला चालतो. खात्यात न भरता थेट वटवायला नेला असेल, तर चेक देणाऱ्याच्या शाखेच्या गावी जावे लागते.