पेपरातले तीन तास कसे वाटायचे?

आपल्या गटातल्या काही जणी १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसल्या आहेत. “येत होतं, पण वेळ पुरला नाही,” हे आपण त्यांच्याकडून नेहमी ऐकतो. म्हणून आज अर्थशास्त्राचा ८० गुणांचा पेपर घेऊन मिनिटांचा हिशेब मांडू.

तीन तास म्हणजे १८० मिनिटं. पहिली दहा पेपर वाचायला आणि शेवटची दहा तपासायला काढली की उरतात १६०. म्हणजे एका गुणाला दोन मिनिटं. चार गुणांचं उत्तर आठ मिनिटांत संपलं पाहिजे.

पहिला प्रश्न वीस गुणांचा, पण जोड्या, पर्याय असा छोटा असतो. तो पंचवीस मिनिटांत होतो. तिथे वाचलेली पंधरा मिनिटं सहाव्या प्रश्नातल्या आठ-आठ गुणांच्या दोन मोठ्या उत्तरांना द्यायची. अकराला पेपर सुरू झाला, तर पहिला प्रश्न ११.३५ ला संपवा, दुसरा १२ ला, तिसरा १२.२५ ला, चौथा १२.५० ला, पाचवा १.०५ ला आणि सहावा १.५० ला. बोर्ड २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं जादा देतं, ती या हिशेबात धरू नका. अडीअडचणीला राहू द्या.

गडबड होते ती आवडत्या उत्तरात. चार गुणांसाठी तीन पानं भरतात आणि सोळा गुणांचा सहावा प्रश्न कोरा राहतो. घड्याळ पुढे गेलं असेल, तर उत्तराखाली जागा सोडून पुढच्या प्रश्नाला लागा.

आता न वाचलेला विषय समोर आला तर? आधी “कोणतेही तीन” लिहिलंय का ते बघा. पाचातले तीनच सोडवायचे असतील, तर अवघड दोन सोडून द्या. तरीही सोडवावाच लागला, तर शेवटी घ्या आणि शब्द फोडा. समजा, विधान आहे: ‘मिठाची मागणी अलवचिक असते.’ लवचिक म्हणजे वाकणारं, अलवचिक म्हणजे न वाकणारं. मीठ महागलं म्हणून आपण भाजी अळणी करतो का? नाही. भाव वाढला तरी मागणी फारशी कमी होत नाही. मग आधी ‘सहमत आहे’ लिहा, नंतर अर्थ, मग कारणं: मीठ रोज लागतं, त्याला पर्याय नाही, आणि खर्चात त्याचा वाटा अगदी थोडा. आठ मिनिटं झाली की थांबा.

तक्त्याच्या प्रश्नाला तर घाबरूच नका. आकडे पेपरातच दिलेले असतात.

येत्या रविवारी एक जुना पेपर घ्या, समोर घड्याळ ठेवा आणि सलग तीन तास बसा. कोणत्या प्रश्नाला किती मिनिटं लागली ते समासात लिहा. पुढच्या बैठकीत ते आकडे आपण एकत्र बघू.