आकडी थांबली, पण मूल उठत का नाही?

फिट सुरू झाली की घरातले घाबरतात, पण डॉक्टरांनी शिकवलेलं असेल तर औषध देतातही. खरा गोंधळ त्यानंतर होतो. आकडी थांबते, मूल गाढ झोपतं आणि हाका मारल्या तरी डोळे उघडत नाही. ‘औषध जास्त तर नाही ना झालं?’ म्हणून आईच्या पोटात गोळा येतो. ही झोप नीट समजली नाही, तर पुढच्या वेळी औषध द्यायला हात कचरतो आणि त्यात मोलाची मिनिटं जातात.

बऱ्याचशा आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या पुढे गेलेली आकडी मात्र आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणून घरी द्यायचं औषध साधारण पाचव्या मिनिटाला देतात. डॉक्टरांनी वेगळी वेळ लिहून दिली असेल, तर तीच पाळायची. मिडाझोलाम नाकात फवारतात किंवा गाल आणि हिरडी यांच्यामधल्या जागेत सोडतात. डायझेपाम गुदद्वारातून देतात आणि ते बाहेर येऊ नये म्हणून नितंब काही वेळ एकमेकांवर दाबून धरतात. हेही औषध चांगलं आहे. पण शाळेत किंवा एसटीत मुलाचे कपडे काढणं अवघड जातं, म्हणून नाकातला फवारा अधिक सोयीचा ठरतो. सर्दीने नाक गच्च भरलेलं असेल, तर मात्र फवारा नीट शोषला जात नाही.

समजा, चार वर्षांच्या मुलीचं वजन १५ किलो आहे. नाकातल्या मिडाझोलामचा नेहमीचा हिशेब किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे तिला ३ मिलिग्रॅम. एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम औषध असेल, तर सहा फवारे होतात, प्रत्येक नाकपुडीत तीन. आता दुकानात तीच बाटली मिळाली नाही आणि १.२५ मिलिग्रॅमची दुसरी घरी आली. चिठ्ठीवरचे ‘सहा फवारे’ तसेच दिले, तर साडेसात मिलिग्रॅम औषध जाईल, म्हणजे अडीचपट. म्हणून चिठ्ठीवर फवाऱ्यांच्या संख्येबरोबर मिलिग्रॅमही लिहून घ्यावेत आणि नवी बाटली आणली की डॉक्टरांकडून किंवा औषधवाल्याकडून आकडा पडताळून घ्यावा. हा हिशेब समजण्यापुरता आहे. आपल्या मुलाचा डोस डॉक्टरच ठरवतील, आणि वजन वाढलं की तो बदलेल.

आता ती झोप. तिची कारणं दोन. मोठ्या आकडीनंतर मेंदू थकतो आणि औषध दिलं नसतं तरी मूल बराच वेळ सुस्तच राहिलं असतं. दुसरं कारण औषध. मेंदूतल्या पेशींचा अतिरेकी धडाका ते शांत करतं आणि त्याच परिणामातून झोपही आणतं. मिडाझोलामची गुंगी सहसा लवकर उतरते. डायझेपाम शरीरात बराच काळ रेंगाळतं, त्यामुळे मूल पुढे कित्येक तास पेंगुळलेलं राहू शकतं, चालताना झोकांड्याही देतं. क्लोबाझाम किंवा फिनोबार्बिटोनसारखी झोप आणणारी औषधं रोज चालू असतील, तर गुंगी जास्त येते.

या वेळी मुलाला एका कुशीवर वळवून झोपवा आणि कुणीतरी शेजारीच बसा. छाती एका लयीत वरखाली होते का आणि ओठ-जीभ गुलाबी आहेत का, एवढं सतत पाहत राहा. खांदा हलवला किंवा हलका चिमटा काढला तर मूल कण्हतं, हात मागे घेतं, आणि वेळ जाईल तसा हा प्रतिसाद वाढत जातो. असं असेल तर ती झोप काळजीची नाही. उठवायला कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, पाणी मारणं यांचा उपयोग नाही. पूर्ण जागं होऊन नीट गिळता येईपर्यंत पाणी, दूध, गोळी, काहीही तोंडात घालू नका; ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

श्वास फार मंद झाला, मध्येच थांबू लागला, गुरगुरत अडकू लागला, ओठ निळे-करडे पडले किंवा चिमट्यालाही हालचाल झाली नाही, तर लगेच १०८ ला फोन करा. औषध देऊन पाच मिनिटं झाली तरी आकडी चालूच असेल, तरीही तेच करा. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं नसेल, तर दुसरा डोस देऊ नका. श्वास मंदावण्याचा धोका त्यानेच वाढतो.

एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. हातपाय शांत झाले म्हणजे आकडी थांबलीच, असं नसतं. पापण्या फडफडत असतील, डोळे एकाच बाजूला खेचलेले असतील, ओठाचा कोपरा किंवा एखादं बोट लयीत उडत असेल, तर आपण जिला झोप समजतो ती चालू असलेली आकडी असू शकते. अशा वेळी जागं होण्याची वाट पाहत बसू नका, दवाखाना गाठा. शेजारी दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. आकडी किती वाजता सुरू झाली, औषध किती वाजता आणि किती मिलिग्रॅम दिलं, हे कागदावर लिहून सोबत न्या. झोपलेल्या मुलाला तपासणारे डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.